रिकाम्या खोलीतली धिंगरी: खर्च किती, हाती किती

घरात एक खोली रिकामी पडलेली आहे, तिच्यात अळिंबी लावली तर महिन्याला काय सुटेल? हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तरं भरपूर मिळतात, पण ती एकमेकांशी जुळत नाहीत. कुणी शंभर पिशव्यांमागे चाळीस हजार सांगतो, तर कुणी दोन खेपा करून बंद पाडलेल्या खोलीकडे बोट दाखवतो. दोघंही बहुधा खरंच सांगत असतात. फरक पडतो तो त्यांनी काय मोजलं आणि काय सोडलं यामुळे. म्हणून इथे एकच खोली घेतो, साताऱ्यासारख्या गावातली, दहा बाय बारा फुटांची, स्वतःच्या घरातली. तिचा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत मांडतो. भाव मी धरलेले आहेत. आपल्या गावचे भाव त्या जागी घातले तरी हिशेबाची रीत तीच राहते.

नवख्याने धिंगरीच घ्यावी, याबद्दल मला शंका नाही. बाजारात जास्त ओळखीचं असलेलं बटन मशरूम चौदा ते अठरा अंश तापमान मागतं. त्याला कंपोस्ट लागतं, त्यावर मातीचा थर द्यावा लागतो, आणि आपल्याकडे वर्षातला बहुतेक काळ वातानुकूलन लागतं. घरातल्या खोलीला हा खर्च पेलत नाही. दुधी अळिंबी उन्हाळ्यात चालते, पण तिलाही मातीचा थर लागतो आणि ती वेळ जास्त घेते. धिंगरी मात्र गव्हाच्या, सोयाबीनच्या किंवा भाताच्या काडावर सरळ येते. तिला वीस ते अठ्ठावीस अंश तापमान आणि हवेत ऐंशी ते नव्वद टक्के ओलावा पुरतो. पांढरी फ्लोरिडा थंडीत बरी चालते, तर करड्या रंगाची साजोर-काजू थोडी ऊब सोसते.

आता पहिली गफलत. पाच किलोच्या पिशवीतून दोन किलो माल निघतो, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. ते पाच किलो ओल्या काडाचे असतात. कोरडं काड पाणी पिऊन साधारण तिप्पट-साडेतिप्पट होतं, म्हणजे त्या पिशवीत कोरडं काड जेमतेम दीड किलो असतं. अळिंबीचं उत्पन्न नेहमी कोरड्या काडाच्या वजनावर मोजतात. एक किलो कोरड्या काडातून सहाशे ग्रॅम ताजी अळिंबी मिळाली, तर उतारा साठ टक्के. दीड किलो काडातून दोन किलो माल म्हणजे एकशे तेहतीस टक्के उतारा झाला. नवख्याने तो आकडा कागदावरही आणू नये. चांगली खोली आणि सरावलेला हात असेल तर सत्तर-ऐंशी टक्के मिळतात. पहिल्या वर्षी चाळीस ते साठच्या मध्ये कुठेतरी थांबाल असं धरावं. कुणीही उत्पन्न सांगितलं, की पहिला प्रश्न विचारायचा: कोरड्यावर की ओल्यावर?

दुसरी गफलत याहून महाग पडते. पिशवी भरल्यापासून बुरशी काडभर पसरायला अठरा-वीस दिवस जातात. मग पिशवी कापतात किंवा तिला छिद्रं पाडतात, आणि तीन-चार दिवसांत टाचणीच्या डोक्याएवढे कोंब दिसू लागतात. पहिली तोडणी पंचविसाव्या दिवसाच्या आसपास होते. त्यानंतर आठ-दहा दिवसांच्या अंतराने दुसरी आणि तिसरी. तिसरी संपेपर्यंत आठ आठवडे उलटतात. म्हणजे शंभर पिशव्यांची खोली महिन्याला शंभर पिशव्यांचं उत्पन्न देत नाही, ती दोन महिन्यांत शंभर पिशव्यांचं देते. एका चक्राचा आकडा महिन्याचा म्हणून लिहिला, की मिळकत कागदावर आपोआप दुप्पट होते.

आपल्या खोलीत किती मावतं ते पाहू. छताखाली आडवे पाइप टाकून नायलॉनच्या दोऱ्या सोडल्या, तर दोन ओळींत ये-जा करायला जागा ठेवून बत्तीस दोऱ्या बसतात. एकेका दोरीवर एकाखाली एक अशा तीन पिशव्या. चार बांधता येतात, पण वरची छताच्या उष्णतेत राहते आणि तिची तोडणी स्टुलावर चढून करावी लागते. तेव्हा शहाण्णव धरू. आता एका दिवसात शहाण्णव पिशव्या भरण्याचा मोह होतो, आणि तो टाळलेला बरा. एकदम भरलेल्या पिशव्या एकदमच पिकतात. उत्पन्नाचा जवळपास अर्धा वाटा पहिल्या तोडणीत येतो, म्हणजे चार-पाच दिवसांत पंचवीस किलो माल दारात पडतो आणि पुढचा आठवडा खोली रिकामी. ताजी धिंगरी बाहेर एक-दोन दिवस टिकते, फ्रिजमध्ये चार-पाच. त्याऐवजी दर आठवड्याला बारा पिशव्या भरायच्या. आठ आठवड्यांनी खोलीत शहाण्णव पिशव्या होतात. मग दर आठवड्याला बारा आत येतात, जुन्या बारा बाहेर जातात, आणि तोडणी जवळपास रोज थोडी थोडी मिळत राहते. महिन्याचा हिशेब झाला बावन्न पिशव्यांचा.

उभारणीच्या खर्चाकडे वळू. खिडक्यांना आणि दाराला बारीक कीटकजाळी, दीड हजार. साध्या डासांच्या जाळीतून अळिंबीवरच्या माश्या आत शिरतात, म्हणून छिद्रं त्याहून बारीक हवीत. भिंतींना चुना आणि प्लॅस्टिकचा कागद, दोन हजार. पाइप, हुक आणि दोऱ्या, चार हजार. झडपेचा एक्झॉस्ट पंखा अठराशे. लहान फॉगरसंच साडेचार हजार. काड गरम करायला दोनशे लिटरचा पिंप, पाण्यात सोडायचा हीटर आणि दांडीचा थर्मामीटर मिळून सव्वीसशे. तापमान आणि ओलावा दाखवणारी दोन यंत्रं आठशे, वजनकाटा बाराशे, जाळीची पोती, टब आणि चाळण बाराशे. प्रशिक्षणाची फी आणि जाण्यायेण्याचा खर्च दोन हजार. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबी संशोधनाचं केंद्र आहे, आणि सोलनचं अळिंबी संशोधन संचालनालय या विषयातली देशातली मुख्य संस्था. शिकायचं तर अशा ठिकाणी शिकावं. शेवटी वायरिंग, आणखी दोन हजार. ही रक्कम बहुतेक अंदाजपत्रकांत नसतेच. ज्या खोलीत दिवसभर धुकं उडतं, तिथे स्विचबोर्ड दाराबाहेर हवा आणि गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर हवा. ही रक्कम मी कुणालाही वाचवू देणार नाही.

बेरीज होते तेवीस हजार सहाशे. हा उभारणीचा खर्च. पण पहिला महिना विक्री शून्य असते आणि दुसऱ्या महिन्यात अर्धी, तर बारा पिशव्या मात्र दर आठवड्याला भरायच्याच असतात. त्यासाठी सहा हजार वेगळे ठेवावे लागतात. एकूण तीस हजारांच्या आत-बाहेर. पुष्कळ जण पंचवीस हजार उभारणीतच घालवतात आणि पाचव्या आठवड्यात बियाणं घ्यायला पैसे नाहीत म्हणून भरणं थांबवतात. मग पुढचं सगळं चक्र तुटतं.

महिन्याचा चालू खर्च असा. सोपं जावं म्हणून एका पिशवीत एक किलो कोरडं काड धरतो. बावन्न किलो काड, कापलेलं आणि घरपोच, दहा रुपयांनी पाचशे वीस. बियाणं, म्हणजे स्पॉन, कोरड्या काडाच्या दहा टक्के लागतं. सव्वापाच किलोंचे एकशे वीस रुपयांनी सव्वासहाशे. पिशव्या दोनशे. वीज साडेपाचशे. हा आकडा ढोबळ वाटू नये म्हणून फोड सांगतो. शंभर लिटर पाणी पंचवीस अंशांवरून सत्तरवर न्यायला सव्वापाच युनिट लागतात. बारा किलो काड एका पिंपात बसत नाही, दोनदा घालावं लागतं, म्हणून आठवड्याला सात युनिट धरले. महिन्याला ते तीस होतात, आणि पंखा व फॉगर मिळून पंचवीस. पंचावन्न युनिट, दहा रुपयांनी. पॅकिंगचे डबे आणि चिठ्ठ्या साडेतीनशे, स्पिरिट, हातमोजे आणि मास्क दीडशे, पेट्रोल सहाशे. एकूण तीन हजार.

काड निर्जंतुक करण्याची दुसरी रीत स्वस्त आहे. शंभर लिटर पाण्यात साडेसात ग्रॅम कार्बेन्डाझिम आणि सव्वाशे मिलिलिटर फॉर्मलिन घालून त्यात दहा-बारा किलो काड सोळा-अठरा तास बुडवून ठेवतात. शेतातल्या शेडमध्ये ती सर्रास चालते. पण फॉर्मलिनची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते आणि ते कर्करोगकारक आहे. जिथे शेजारच्या खोलीत माणसं झोपतात, तिथे गरम पाणीच बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. पाणी आधी सत्तर अंशांवर आणायचं, हीटरचा प्लग काढायचा आणि मगच पोतं बुडवायचं. तासभर तापमान पासष्टच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गरज पडली तर पोतं बाहेर काढून पुन्हा तापवायचं.

आता उत्पन्न. आठवड्याच्या बारा पिशव्यांपैकी दहा टक्के खराब होणार असं धरू आणि उरलेल्यांना साठ टक्के उतारा देऊ. आठवड्याला साडेसहा किलो, महिन्याला अठ्ठावीस. यातले बारा किलो ओळखीच्या घरी, दोनशे ग्रॅमचा डबा पन्नास रुपये या भावाने जातात, म्हणजे आठवड्याला चौदा-पंधरा डबे. त्याचे तीन हजार. बारा किलो भाजीवाल्याला एकशे साठने, त्याचे एकोणीसशे वीस. चार किलो ताजे खपत नाहीत. ते वाळवले की दहाला एक या प्रमाणात चारशे ग्रॅम उरतात, त्याचे तीनशे वीस. एकूण बावन्नशे चाळीस, खर्च तीन हजार, हाती बावीसशे चाळीस. रोजचा एक तास, भरणीच्या दिवशी पाच आणि पोचवण्याचे मिळून महिन्याला साठ तास जातात. तासाला सदतीस रुपये पडले. खोलीचं भाडं यात धरलेलं नाही. दोन हजार भाड्याने घेतलेली खोली असेल, तर सगळी मेहनत भाडं फेडण्यातच जाते.

हा आकडा पाहून कुणी खट्टू होईल, तर त्याने पुढचा भाग नीट पाहावा, कारण मिळकत कुठे वाढते ते तिथे कळतं. हात बसला आणि उतारा पंचाहत्तर टक्क्यांवर गेला, खराबी पाच टक्क्यांवर आली, तर महिन्याला सदतीस किलो माल निघेल. पण गिऱ्हाईक तेवढंच राहिलं, तर जादा नऊ किलो वाळवणातच जातात आणि शिल्लक बावीसशेवरून तीन हजारांच्या जवळ पोचते. आता उलट करून पाहा. उत्पन्न अठ्ठावीस किलोच ठेवा, पण सगळं घरोघर विका. आवक सात हजार होते, पॅकिंगचे साठ रुपये वाढतात, आणि हाती जवळपास चार हजार राहतात. नऊ किलो जादा पिकवून सातशे रुपये मिळतात, तर पंधरा घरांऐवजी आठवड्याला बत्तीस-पस्तीस घरं जोडून सतराशे. म्हणून खोलीची मापं घेण्याआधी घरं मोजावीत.

घरं मोजणं म्हणजे काय, तेही सांगतो. आपल्या सोसायटीत, आळीत, कार्यालयात विचारायचं, आणि विचारताना भावही सांगायचा. जैन कुटुंबं अळिंबी खात नाहीत. जुन्या पिढीतल्या अनेकांच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात उगवणारी कुत्र्याची छत्री येते आणि पहिला प्रश्न येतो, विषारी नाही ना? बटन ओळखीचं असतं, धिंगरीची चव माहीत नसते. पहिला डबा तसाच द्यावा लागतो आणि कांद्यावर परतून कशी करायची तेही सांगावं लागतं. "छान आहे, नक्की घेऊ" म्हणणाऱ्यांना मोजायचं नाही. ज्यांनी दुसऱ्यांदा पैसे देऊन घेतलं, ती घरं मोजायची. वाळवण किंवा पावडर पाकिटात घालून विकायची असेल, तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी लागते, हेही लक्षात असू द्यावं.

खराबीचं प्रमाण मी दहा टक्के धरलं, पण नवख्याचं वीस-तीस सहज होतं. उतारा चाळीस टक्के आणि खराबी वीस टक्के असेल, तर महिन्याला साडेसोळा किलो माल निघतो आणि हाती साडेआठशे राहतात. तेव्हा पिशवी का बिघडली ते ओळखता यायला हवं. काड निथळल्यावर मुठीत घट्ट दाबायचं: तळवा ओला व्हावा, पण थेंब पडू नये. थेंब पडत असेल, तर पिशवीच्या तळाशी पिवळसर पाणी साचतं, आंबूस वास येतो आणि बुरशी खालपर्यंत उतरत नाही. पाचव्या ते दहाव्या दिवसात हिरवे डाग दिसले, तर ती ट्रायकोडर्मा नावाची बुरशी. डाग फक्त बियाण्याच्या थरांवर असतील, तर संशय बियाण्यावर किंवा हातांवर घ्यावा. काडात सगळीकडे विखुरलेले असतील, तर पाणी पुरेसं तापलं नव्हतं. बारीक दांड्याच्या छत्र्या उगवून काळ्या शाईसारख्या विरघळल्या, तरीही ओलावा आणि तापवणं यांतच चूक असते. अशी पिशवी खोलीत उघडायची नाही. तोंड बांधूनच बाहेर न्यायची आणि लांब पुरायची. बियाणं घेताना दाणे पांढऱ्याशुभ्र कापसासारख्या बुरशीने झाकलेले हवेत. एकही हिरवा किंवा काळा ठिपका असेल, तर पाकीट परत करावं.

पिशव्या निरोगी असूनही उतारा कमी येतो, तेव्हा कारण बहुधा हवेत असतं. दांडे लांब आणि टोप्या नखाएवढ्या राहिल्या, तर खोलीत कर्बवायू साचला आहे, पंखा जास्त वेळ चालवावा. कोंब येऊन पिवळे पडून सुकले, तर ओलावा तुटला. टोप्या ओल्या चिकट होऊन तपकिरी झाल्या, तर फॉगर जास्त चालला किंवा पाणी थेट कोंबांवर पडलं. वाढत्या बुरशीची स्वतःची ऊबही असते, पिशवीच्या पोटातलं तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी वर राहतं. म्हणून खोली तीसवर गेली, की ताज्या भरलेल्या पिशव्या एकमेकींना चिकटून ठेवू नयेत.

एक खर्च रुपयांत मांडता येत नाही. धिंगरी पिकली की पांढऱ्या धुळीसारखे बीजकण सोडते. बंद खोलीत रोज ते श्वासात गेले, तर काहींना खोकला, ताप आणि दम लागतो, आणि बराच काळ दुर्लक्ष केलं तर फुप्फुसांना इजा होते. यावर उपाय तोडणीच्या वेळेत आहे: टोपीची कड खाली वळलेली असतानाच तोडायची, ती सपाट होऊन वर उचलण्याची वाट पाहायची नाही. आत जाण्याआधी पंखा लावायचा आणि चांगला मास्क घालायचा. पंख्याची हवा थेट बाहेर गेली पाहिजे, घराच्या चौकात किंवा शेजाऱ्याच्या खिडकीत नाही. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर घराला लागून असलेल्या खोलीत हा उद्योग करूच नये. मग मागच्या अंगणातली वेगळी शेड हाच मार्ग.

आता वर्षाचा विचार. साताऱ्यात मार्च ते मे पत्र्याखालची किंवा गच्चीखालची खोली तीस अंशांच्या वर जाते. फॉगर ओलावा देतो, पण एवढी उष्णता तो उतरवू शकत नाही, आणि कूलर लावला की विजेचं बिल शिल्लक खाऊन टाकतं. शेवटची तोडणी फेब्रुवारीअखेर संपवायची, तर भरणी जानेवारीच्या सुरुवातीला थांबवावी लागते. जूनच्या पावसाने हवा उतरली की पुन्हा सुरू. म्हणजे भरणीचे सात महिने. बावीसशे चाळीस गुणिले सात, वर्षाला पंधरा हजार सातशे. उभारणीचे तेवीस हजार सहाशे वसूल व्हायला भरणीचे साडेदहा महिने लागतात, म्हणजे दुसरा हंगाम अर्धा उलटावा लागतो. पहिल्याच वर्षात भांडवल निघेल असं जो सांगतो, त्याने उन्हाळा विसरलेला असतो.

म्हणून मी पहिल्यांदा तेवीस हजार घालायला सांगत नाही. नोव्हेंबरात दहा पिशव्या कराव्यात. दहा किलो काड, एक किलो बियाणं, पिशव्या, एक थर्मामीटर आणि घरातलं मोठं पातेलं. खर्च सहा-सातशेच्या पुढे जात नाही, आणि ओलाव्यासाठी ओलं गोणपाट आणि हातपंप चालतो. प्रत्येक पिशवीवर क्रमांक आणि तारीख घालायची, आणि प्रत्येक तोडणीचं वजन वहीत लिहायचं. आठ आठवड्यांनी त्या वहीत तीन आकडे असतील: किती पिशव्या बिघडल्या, किलोमागे किती ग्रॅम आलं, आणि किती घरांनी दुसऱ्यांदा पैसे दिले. वरच्या हिशेबात माझे दहा टक्के, सहाशे ग्रॅम आणि पंधरा घरं खोडून तिथे हे आकडे घालायचे. पंधराच्या जागी पाच आले, तर खोलीत पाइप टाकण्यापूर्वी आणखी एक हिवाळा दहाच पिशव्या कराव्यात.